स्वादुपिंडाचे दोन आदेश: सोडा कधी सुटतो, एन्झाइम कधी, आणि कॅप्सूल नेमकी कशी घ्यायची

एन्झाइमची कॅप्सूल सुरू करून तीन महिने झाले तरी शौचाला तेलकटच होते, वजनही वाढत नाही. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन दाहाच्या, रुग्णांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी बहुतेकदा औषध चुकीचं नसतं. चुकलेली असते त्याची मात्रा, वेळ किंवा ते पोचतं ती जागा. या तिन्ही गोष्टी समजायच्या तर निरोगी स्वादुपिंड आपला रस केव्हा आणि कुणाच्या सांगण्यावरून सोडतं, ते आधी पाहायला हवं. कॅप्सूल त्याचीच नक्कल करते, आणि नक्कल जमायची तर मूळ माहीत असलेलं बरं.

स्वादुपिंड म्हटलं की लोकांना इन्सुलिन आठवतं. पण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं या अवयवाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग व्यापतात. उरलेलं जवळजवळ सगळं स्वादुपिंड पाचकरस बनवण्याच्या कामाला जुंपलेलं असतं. जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचा हा अवयव दिवसाला साधारण एक ते दीड लिटर रस लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, ओततो. या रसाचे दोन घटक दोन वेगळ्या ठिकाणी बनतात. द्राक्षांच्या घडासारख्या पेशींच्या पुंजक्यांत एन्झाइम तयार होतात, तर त्या घडांच्या देठांत, म्हणजे बारीक नलिकांच्या भिंतीत, आम्ल शमवणारं बायकार्बोनेटचं, म्हणजे सोड्याचं, पाणी तयार होतं. ठिकाणं दोन, तसे आदेशही दोन. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिला आदेश: आम्ल आलं, सोडा सोडा

जठरातून अन्नाचा आंबट लगदा थोडा-थोडा करून ड्युओडेनममध्ये उतरतो. तिथला पीएच साधारण ४.५ च्या खाली गेला की आतड्याच्या अस्तरातल्या एस पेशी सिक्रेटिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते रक्तातून फिरून स्वादुपिंडाच्या नलिकांपर्यंत पोचतं आणि नलिका बायकार्बोनेटने भरलेलं पाणी सोडू लागतात. आम्ल शमलं, पीएच वर चढला, की सिक्रेटिन थांबतं. घरातल्या पाण्याच्या टाकीचा फ्लोट जसा पातळीप्रमाणे नळ उघडतो आणि बंद करतो, तसंच हे.

या फ्लोटचा शोध लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जानेवारी १९०२ मध्ये लागला. त्या काळी रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगांमुळे असा समज दृढ होता की आतड्यातून स्वादुपिंडाला निरोप जातो तो मज्जातंतूंमार्फतच. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याचे सगळे मज्जातंतू तोडले, फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या आणि त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. तरीही स्वादुपिंडातून रस टपकू लागला. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, आम्लात घोटलं, गाळलं आणि तो अर्क मानेच्या शिरेतून टोचला. रस पुन्हा वाहिला. आम्ल थेट रक्तात टोचून मात्र काही होत नव्हतं. म्हणजे निरोप्या आतड्याच्या अस्तरात होता, आम्ल फक्त त्याला बाहेर काढत होतं. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी जाहीरपणे वापरला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ मध्ये. म्हणजे पहिलं संप्रेरक आधी सापडलं आणि त्याच्या जातीला नाव मागून मिळालं.

नलिकेच्या पेशीत काय घडतं? रक्तातून काही बायकार्बोनेट थेट आत येतं आणि काही पेशी स्वतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बनवते. सिक्रेटिनचा इशारा मिळाला की पेशीच्या नलिकेच्या पोकळीकडच्या बाजूची सीएफटीआर नावाची वाहिनी उघडते. तिच्यातून आणि तिच्या शेजारच्या क्लोराइड-बायकार्बोनेट अदलाबदल करणाऱ्या प्रथिनातून बायकार्बोनेट नलिकेत उतरतं. त्यामागे सोडियम येतं, सोडियममागे पाणी. हीच सीएफटीआर वाहिनी जन्मतः सदोष असली की सिस्टिक फायब्रोसिस होतो. मग रस पातळच होत नाही, नलिका चिकट द्रवाने तुंबतात आणि आत तयार झालेले एन्झाइम बाहेर पडायला वाट उरत नाही. एन्झाइम बनवणारी पेशी मुळात चांगली असते, मारली जाते ती पाण्याअभावी.

रक्तात बायकार्बोनेट लिटरमागे २४ मिलिमोलच्या आसपास असतं. स्वादुपिंडाचा रस जोरात वाहत असतो तेव्हा त्यात ते १२० ते १४० पर्यंत चढतं. संथ वाहताना ते कमी आणि क्लोराइड जास्त असतं, वेग वाढला की उलट. दिवसाला सव्वा लिटर रस आणि सरासरी १०० मिलिमोल धरून हिशेब केला तर १२५ मिलिमोल होतात. एवढं बायकार्बोनेट सुमारे साडेदहा ग्रॅम खाण्याच्या सोड्यात असतं, म्हणजे चहाचे दोन चमचे सपाट भरून. ‘मग रोज दोन चमचे सोडा खाल्ला तर?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. उपयोग नाही. तो सोडा जठरातच आम्लाशी फसफसून संपतो. हवा असतो जठराच्या पुढे, आणि थेंबाथेंबाने.

दुसरा आदेश: तेल आणि प्रथिन आलं, एन्झाइम सोडा

एन्झाइमच्या पेशींना आम्लाशी फारसं देणंघेणं नाही. त्यांचा आदेश कोलेसिस्टोकायनिनचा. नाव जिभेला जड आहे, म्हणून सगळे सीसीके म्हणतात. ड्युओडेनममधल्या आय पेशी हे संप्रेरक सोडतात, आणि त्यांना जाग येते ती अर्धवट पचलेल्या स्निग्धाने आणि प्रथिनाने. स्निग्धातही साखळीची लांबी महत्त्वाची: बारा किंवा त्याहून जास्त कार्बनची मेदाम्लं सीसीके सोडवतात, आठ-दहा कार्बनची फारशी नाही. नुसता साखरेचा चहा किंवा फळाचा रस या पेशींना फारसा उठवत नाही. वरणभातावर सोडलेलं तूप उठवतं.

सीसीकेचा मोठा भाग रक्तातून थेट स्वादुपिंडाला गाठत नाही. माणसात ते मुख्यतः आतड्यातल्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांना चाळवतं. निरोप मेंदूच्या देठापर्यंत वर जातो, तिथून खाली येतो, आणि शेवटी स्वादुपिंडात मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटून पेशी आपल्या कणिका रिकाम्या करतात. म्हणजे पावलोव्ह पूर्ण चुकला नव्हता. संप्रेरक आणि मज्जातंतू इथे एकाच तारेवर बोलतात. अन्न नुसतं पाहिल्या-हुंगल्यानेही रसाचा थोडा भाग सुटतो तो याच तारेमुळे. पण खरा लोंढा अन्न ड्युओडेनममध्ये उतरल्यावरच येतो.

सीसीके एका फेरीत चार कामं करतं. स्वादुपिंडातून एन्झाइम सोडवतं, पित्ताशय आवळून पित्त ढकलतं, दोघांच्या सामाईक दाराची झडप सैल करतं आणि जठराला ‘जरा दमानं सोड’ म्हणून आवरतं. स्निग्ध पचनासाठी या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात, म्हणून एकाच निरोप्यावर सोपवलेल्या आहेत. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे वेळापत्रक मोडतं. अन्न धाडकन पुढे जातं आणि रस मागून पोचतो. स्वादुपिंड ठणठणीत असूनही अपचन होतं.

दोन्ही आदेश एकत्र आले की परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. एकट्या सिक्रेटिनने जेवढं पाणी सुटतं त्यापेक्षा सीसीके आणि ॲसिटिलकोलिनच्या जोडीला ते बरंच जास्त सुटतं. त्यामुळे जेवणानंतर सिक्रेटिनची पातळी थोडीशीच वाढली तरी काम भागतं.

एन्झाइमपैकी पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज आणि स्निग्ध पचवणारं लायपेज तयार अवस्थेतच सुटतात. प्रथिन कापणारे मात्र कुलूपबंद येतात, कारण ते आतच उघडले तर स्वादुपिंडालाच पचवायला लागतील. ट्रिप्सिनोजेनचं कुलूप उघडणारी किल्ली, एन्टेरोकायनेज, आतड्याच्या अस्तरावर असते. तिने थोडं ट्रिप्सिन उघडलं की ते बाकीच्यांची कुलपं उघडत सुटतं. चुकून एखादं ट्रिप्सिन आत जागं झालंच तर त्याला तिथल्या तिथे जखडणारं प्रथिनही पेशी सोबत पाठवते. हे राखणदार कमजोर पडले, किंवा जाग्या झालेल्या ट्रिप्सिनचं प्रमाण त्यांना आवरेना, तर पॅन्क्रियाटायटिस होतो.

बिघडतं कुठे

स्वादुपिंडाकडे राखीव क्षमता भरपूर असते. स्निग्ध न पचता शौचात उतरू लागतं ते लायपेजचं उत्पादन मूळच्या दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावर. म्हणजे नव्वद टक्के नुकसान होईपर्यंत शौच व्यवस्थित दिसू शकते. आणि पहिला बळी स्निग्धाचाच जातो. पिठूळ पदार्थांना लाळेतलं अमायलेज मदत करतं, प्रथिनांना जठरातलं पेप्सिन आणि आतड्याच्या अस्तरावरचे एन्झाइम. लायपेजला तसा दमदार जोडीदार नाही. शिवाय पीएच ४ च्या खाली गेला की ते कायमचं निकामी होतं. नंतर आम्ल शमवलं तरी उठत नाही.

इथे पहिला आदेश आणि दुसरा आदेश एकमेकांत अडकतात. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसमध्ये एन्झाइम कमी होतात तसं बायकार्बोनेटही कमी होतं. ड्युओडेनम आंबट राहतो. उरलंसुरलं लायपेज त्यात मरतं, आणि पित्तक्षारही आम्लात साक्यासारखे खाली बसतात. रुग्णाला दिसतं ते एकच: फिकट, ढिली, भांड्याला चिकटणारी, दुर्गंधीयुक्त शौच. दोनदा-तीनदा पाणी टाकूनही वरचा तेलाचा तवंग जात नाही. एन्झाइम कमी पडले म्हणून की आम्ल जास्त झालं म्हणून, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

तिसरी शक्यता बऱ्याचदा निसटते: कारखाना चांगला, पण आदेशच निघत नाही. सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे ड्युओडेनमचं अस्तर झिजतं आणि त्यासोबत एस आणि आय पेशींचं कामही मंदावतं. तपासणीत स्वादुपिंड नापास ठरतं, प्रत्यक्षात त्याला कुणी हाकच मारलेली नसते. गहू बंद केल्यावर अस्तर भरून येतं आणि आकडे सुधारतात. म्हणून आयुष्यभराच्या कॅप्सूलचा निर्णय घेण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करून घ्यावी. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड अगदी सुरेख दिसत असेल तेव्हा तर नक्कीच.

तपासणी करताना

रोजच्या वापरातली तपासणी म्हणजे शौचातलं इलास्टेज. हा स्वादुपिंडाचा एन्झाइम आतड्यातून न मोडता बाहेर पडतो, म्हणून तो मोजला की उत्पादनाचा अंदाज येतो. एक ग्रॅम शौचेत २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ठीक, १०० च्या खाली असेल तर उत्पादन बरंच घटलेलं, आणि मधला आकडा संशयाचा. चिमूटभर नमुना पुरतो. कॅप्सूल चालू असली तरी बंद करावी लागत नाही, कारण कॅप्सूलमधला एन्झाइम डुकराचा असतो आणि मानवी इलास्टेज ओळखणारी तपासणी त्याला मोजत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: कॅप्सूल चांगली लागू पडली तरी हा आकडा वाढणार नाही. उपचाराचा गुण पाहण्यासाठी हीच तपासणी पुन्हा-पुन्हा करणं म्हणजे पैसे वाया.

सगळ्यात मोठी चूक नमुन्यात होते. जुलाब लागलेले असताना पाण्यासारखी शौच दिली तर इलास्टेज पातळ होऊन आकडा खोटाच खाली येतो. ‘९०’ असा रिपोर्ट हातात आला की आधी नमुना कसा होता ते विचारावं, आणि पातळ असेल तर घट्ट शौचेचा पुन्हा द्यावा. दुसरी मर्यादा अशी की सौम्य बिघाड या तपासणीत सुटतो. आकडा चांगला आणि लक्षणं पक्की असतील तर शंका कायम ठेवावी.

थेट तपासणी सिक्रेटिनची. शिरेतून वजनाच्या किलोमागे ०.२ मायक्रोग्रॅम सिक्रेटिन देतात आणि ड्युओडेनममधला रस पुढचा तासभर, दर पंधरा मिनिटांनी, ओढून घेतात. त्यातलं बायकार्बोनेट एकदाही लिटरमागे ८० मिलिमोलपर्यंत पोचलं नाही तर नलिकांचं काम घटलेलं आहे असं धरतात. बेलिस-स्टार्लिंगचा प्रयोग आता माणसावर, निदानासाठी केला जातो असं म्हणायला हरकत नाही. सुरुवातीचा बिघाड पकडण्यात ती सरस आहे, पण नळी घालावी लागते आणि मोजक्याच ठिकाणी होते.

एक धोक्याची खूण इथेच सांगतो. पन्नाशीच्या पुढे नव्याने तेलकट शौच, वजनातली घट आणि नुकताच उपटलेला मधुमेह एकत्र दिसले तर कॅप्सूलच्या आधी सीटी स्कॅन व्हावा. गाठीने मुख्य नलिका दाबली असेल तर रस अडतो, आणि कॅप्सूलने लक्षण झाकलं जाऊन वेळ जातो.

कॅप्सूल कशी काम करते

पॅन्क्रियाटिन म्हणजे स्वादुपिंडाच्या एन्झाइमचं मिश्रण. त्याच्या कॅप्सूलवर लिहिलेला आकडा, १०,०००, २५,००० किंवा ४०,०००, हा लायपेजच्या युनिटचा असतो. आत मिलिमीटरभराचे बारीक दाणे असतात. प्रत्येक दाण्यावर आवरण असतं, ते जठराच्या आम्लात टिकतं आणि पीएच ५.५ च्या वर गेला की विरघळतं. म्हणजे दाणे अन्नात मिसळून जठरातून अन्नासोबतच उतरावेत आणि ड्युओडेनममध्ये उघडावेत अशी योजना आहे. स्वादुपिंडाने सीसीकेच्या हुकमावर जे केलं असतं ते इथे तुमच्या घड्याळावर करायचं आहे.

त्यामुळे जेवणाआधी अर्धा तास घेतलेली कॅप्सूल अन्नाच्या पुढे निघून जाते, आणि जेवण आटोपून हात धुतल्यावर घेतलेली मागे राहते. पहिल्या एक-दोन घासांबरोबर एक आणि जेवण अर्ध्यावर आल्यावर दुसरी, हा सर्वांत बिनचूक क्रम. जेवण लांबलं, लग्नाच्या पंगतीसारखं, तर तिसरी शेवटाकडे. दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत. कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे थंड, किंचित आंबट अशा मऊ पदार्थात, उदाहरणार्थ सफरचंदाच्या गरात, मिसळून लगेच गिळावेत आणि वर पाणी प्यावं. गरम वरणात किंवा दुधात टाकले तर आवरण आणि एन्झाइम दोन्ही वाया जातात. दाणे तोंडात रेंगाळले तर तोंड येतं, कारण एन्झाइमला तुमची जीभही प्रथिनच वाटते.

ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. शाकाहारी आणि मुस्लिम रुग्णांना हे आधी, स्पष्ट सांगायला हवं. नंतर कळलं की रुग्ण गुपचूप औषध सोडतो आणि डॉक्टर मात्रा वाढवत बसतात. दुकानात मिळणारं डायस्टेज-पेप्सिनचं किंवा पपेनचं पाचक सिरप हा याला पर्याय नाही. ते पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं पचवण्याचा दावा करतं, इथे तुटवडा लायपेजचा आहे.

मात्रेचा एक पूर्ण हिशेब

समजा ४८ वर्षांचा, ६० किलो वजनाचा रुग्ण आहे. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, इलास्टेज ४२. सध्या दोन्ही जेवणांनंतर १०,००० ची एकेक कॅप्सूल घेतो. शौच तेलकट, सहा महिन्यांत वजन चार किलो उतरलं.

निरोगी स्वादुपिंड एका जेवणामागे लाखांत युनिट सोडतं. मुख्य जेवणाला निदान ४०,००० ते ५०,००० आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं, ही सुरुवातीची मान्य मात्रा आहे. याला मिळताहेत दहा हजार, आणि तीही उशिरा.

आधी दिवसभराचं खाणं लिहून काढायचं. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि तूपभात, पाचला चहा-बिस्किटं, रात्री भाकरी आणि तेलाची फोडणी सढळ असलेलं पिठलं. पोह्यांना ‘नाश्ता’ म्हणून सोडून देण्याची चूक होते. तेल आणि शेंगदाणे मिळून त्यात पंधरा-वीस ग्रॅम स्निग्ध सहज असतं, म्हणजे ते जेवणच. दुपार आणि रात्र प्रत्येकी पंचवीस ग्रॅमच्या आसपास, बिस्किटांचे सहा-सात ग्रॅम. ग्रॅममागे सुमारे २,००० युनिट हा ठोकताळा लावला तर मोठ्या जेवणाला ५०,००० येतात, म्हणजे वरच्या मात्रेशी जुळतात.

२५,००० ची कॅप्सूल धरली तर पोह्यांना दोन, दुपारी दोन, बिस्किटांना एक, रात्री दोन. दिवसाला सात, म्हणजे १,७५,००० युनिट. वरची मर्यादा किलोमागे दिवसाला १०,००० आणि एका जेवणाला २,५०० युनिट अशी सांगितली जाते. ती आली सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांमुळे. फार मोठ्या मात्रेत त्यांच्या मोठ्या आतड्याला चट्टे पडून ते आकसलेलं आढळलं होतं. ६० किलोला ती दिवसाला ६,००,००० होते. आपण तिच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही गेलेलो नाही. कोरा चहा, फळं, सरबत यांना कॅप्सूल लागत नाही. पेलाभर सायीच्या दुधाला लागते.

बदल एका वेळी एकच करावा आणि दोन आठवडे थांबावं. रोज पाहायचं ते शौचेचं स्वरूप, आठवड्याला पाहायचं ते वजन, एकाच वजनकाट्यावर, सकाळी. रुग्ण इन्सुलिनवर असेल तर या काळात साखर जास्त वेळा तपासावी, कारण अन्न पहिल्यांदाच नीट शोषलं जाऊ लागलं की साखरेचं गणित बदलतं. स्निग्ध बंद करण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. आधीच खंगलेल्या माणसाचा तूपतेलाचा घास काढून घेण्यापेक्षा त्याला एन्झाइम पुरवणं योग्य. मात्रेचा कुठलाही फेरबदल मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवूनच.

तरीही तवंग गेला नाही तर

आधी कॅप्सूलच तपासा. पॅकवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुधा २५ अंश. मे महिन्यात अकोल्या-नागपुरात बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या कपाटात राहिलेली बाटली वरून दिसायला तशीच असते, आतलं लायपेज मात्र कमी झालेलं असतं. मग विचारा की कॅप्सूल खरोखर जेवताना घेतली जाते का. डब्यावर आणि बाहेरच्या जेवणावर ती हमखास राहून जाते.

हे दोन्ही ठीक असेल तर मात्रा जेवणामागे ७५,००० पर्यंत न्यावी. तरीही फरक नसेल तर तिथून पुढे कॅप्सूल वाढवत राहण्यात अर्थ नाही, पहिल्या आदेशाकडे वळावं. बायकार्बोनेट कमी म्हणून ड्युओडेनम आंबट, आंबट म्हणून दाण्यांचं आवरण उशिरा सुटतं, आणि स्निग्ध जिथे शोषलं जायला हवं तो भाग तोवर मागे पडतो. सोडा वाढवता येत नाही, पण आम्ल कमी करता येतं. सकाळच्या खाण्याआधी अर्धा तास ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारखी आम्लरोधक गोळी जोडली की काही रुग्णांत तीच मात्रा लागू पडते. हीच युक्ती उलटी वाचता येते. कॅप्सूलने काहीच नाही आणि आम्लरोधकाने लख्ख फरक, वर जठराचे किंवा ड्युओडेनमचे व्रण पुन्हा-पुन्हा होत असतील, तर जठराला आम्ल सोडायला लावणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडणाऱ्या गाठीचा विचार करावा. तिथे स्वादुपिंड भरपूर सोडा सोडत असतं, पण आम्लाचा पूर त्याला पुरून उरतो.

त्यानंतर उरतात ती स्वादुपिंडाबाहेरची कारणं. लहान आतड्यात जीवाणूंची बेसुमार वाढ क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसमध्ये वरचेवर आढळते आणि पोटफुगीने ओळखू येते. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचा संसर्ग आपल्याकडे नवा नाही. सीलिॲक वर आलंच आहे. काही रुग्णांना एमसीटी तेल सुचवलं जातं, कारण त्यातली आठ-दहा कार्बनची मेदाम्लं लायपेजवर कमी अवलंबून असतात. कोकणातल्या घरांत लगेच खोबरेल काढलं जातं, पण ते एमसीटी तेल नव्हे. खोबरेलात सर्वांत जास्त भाग बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा असतो, म्हणजे सीसीकेला जागवणाऱ्यांतलंच.

शौच सुधारल्यावरही रक्तात ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं, आणि अ, ई तसंच रक्त गोठण्याचा वेळही, कारण रक्त गोठायला लागणारं, क जीवनसत्त्वाशी गल्लत होणारं ‘के’ स्निग्धासोबतच शोषलं जातं. हाडांची घनता वर्षानुवर्षं खालावत गेलेली असते आणि ती पहिल्या फ्रॅक्चरपर्यंत काही बोलत नाही.